रेंज पूर्ण, नेट बंद

दोन सिमच्या फोनमध्ये डेटा एका सिमवरून दुसऱ्यावर वळवला की पुष्कळांच्या वाट्याला एक चमत्कारिक अवस्था येते. रेंजच्या काड्या भरलेल्या असतात, फोन लागतो, आलेला फोन नीट ऐकू येतो, पण व्हॉट्सॲपचा निरोप घड्याळाच्या खुणेपाशी अडकून बसतो. डेटा पुन्हा जुन्या सिमवर नेला की सगळं सुरळीत. मग घरात निष्कर्ष निघतो की दुसऱ्या कंपनीचं नेटच भिकार आहे, आणि ते सिम केवळ फोन घेण्यापुरतं उरतं. माझ्या पाहण्यात अशा तक्रारींपैकी बहुतेकींमध्ये कंपनीचं नेट ठीकच होतं. बिघाड फोनच्या आत, त्या दुसऱ्या सिमच्या नावे असलेल्या एखाद्या नोंदीत होता, आणि तो सिम बदलल्यामुळे निर्माण झालेला नव्हता. तो महिनोनमहिने, कधी वर्षानुवर्षे तिथेच पडून होता. त्या सिमवर कुणी नेट चालवलंच नव्हतं, म्हणून तो कुणाला दिसला नव्हता.

हे समजायचं तर डेटा दुसऱ्या सिमवर वळवताना आत काय होतं ते पाहावं लागतं. फोनमधली दोन्ही सिमं आपापल्या कंपनीच्या टॉवरशी नोंदलेली असतात, म्हणूनच दोन्ही नंबरांवर फोन येतो. काड्या दिसतात त्या या नोंदणीच्या: टॉवरचा आवाज किती स्पष्ट येतो, एवढंच त्या सांगतात. इंटरनेटसाठी त्यापुढचं एक पाऊल लागतं. फोन कंपनीच्या यंत्रणेला विनंती करतो की मला अमुक नावाच्या प्रवेशद्वारातून बाहेर जाऊ द्या. यंत्रणा ते नाव आपल्याकडे आहे का आणि या ग्राहकाला तशी सेवा दिलेली आहे का हे तपासते, आणि सगळं जुळलं तर फोनला इंटरनेटवरचा एक पत्ता देते. या परवानगीनंतरच नेट सुरू होतं. डेटा पहिल्या सिमवरून दुसऱ्यावर नेला की पहिल्याचा पत्ता सोडला जातो आणि दुसऱ्यावर ही सगळी विनंती नव्याने होते. त्यामुळे त्या क्षणी चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटणं किंवा डाउनलोड अडकणं स्वाभाविक आहे, आणि नवा पत्ता मिळायला काही सेकंद, कधी अर्धं मिनिट लागणंही स्वाभाविक आहे. एवढा धीर न धरता लोक दोन सिमांमध्ये झरझर मागेपुढे करत राहतात आणि फोनला कुठलीच विनंती पूर्ण करू देत नाहीत.

विनंतीसाठी लागणाऱ्या नोंदी फोन प्रत्येक सिमच्या नावे वेगळ्या ठेवतो, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रवेशद्वाराचं नाव वेगळं, डेटा रोमिंगचं बटण वेगळं, ४जी चालवायचं की २जी हे वेगळं, महिन्याला किती डेटा वापरू द्यायचा ही मर्यादाही वेगळी. पहिल्या सिमवर सगळं नीट आहे म्हणून दुसऱ्यावरही तसंच असेल, असं मुळीच नाही.

म्हणून सेटिंग उघडण्याआधी स्क्रीनचा वरचा कोपरा नीट वाचावा. आधी वाय-फाय बंद करा, कारण ते चालू असताना मोबाईल डेटाची अक्षरं दिसेनाशी होतात. मग ज्या सिमवर डेटा वळवला आहे त्याच्या काड्यांशेजारी काय दिसतं ते पाहा. काड्या आहेत पण `4G`, `5G` असं कुठलंच अक्षर नाही, तर बहुधा विनंतीच झालेली नाही किंवा ती नाकारली गेली आहे. दोष डेटाच्या बटणात, रोमिंगमध्ये किंवा प्रवेशद्वाराच्या नावात शोधायचा. अक्षरं आहेत पण शेजारी उद्गारचिन्ह किंवा बारीक फुली आहे, तर पत्ता मिळालेला आहे, पण पुढे इंटरनेटपर्यंत पोचता येत नाही. इथे पॅक संपला आहे का, व्हीपीएन चालू आहे का, 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये कुणी काही भरून ठेवलंय का, हे बघायचं. आणि `4G` ऐवजी `E` दिसत असेल तर फोन २जीवर घसरला आहे. नेट बंद नसतं, पण इतकं संथ असतं की बंदच वाटतं. काही फोन दोन्ही सिमांशेजारी अक्षरं दाखवतात. तिथे वर-खाली जाणारे छोटे बाण ज्या सिमशेजारी हलतात, डेटा त्याच्यावर आहे असं समजावं. कोपऱ्यातली ही खूण नीट पाहिली की पुढची निम्मी खटपट वाचते.

माझ्या मावशीच्या फोनची गोष्ट इथे सविस्तर सांगतो, कारण नेहमी होणारे घोटाळे त्यात एकापाठोपाठ आले. ती देवरुखजवळच्या गावी काही दिवस राहायला गेली होती. तिच्या पहिल्या सिमवर रोजचा डेटा असलेला पॅक होता, पण गावच्या घरात त्या कंपनीची रेंज एकाच खिडकीपाशी येत होती. दुसऱ्या सिमची रेंज मात्र माजघरापर्यंत पूर्ण. तिने दुसऱ्या सिमवर डेटाचा पॅक मारून घेतला, डेटा तिकडे वळवला, आणि नेट काही येईना. खिडकीपाशी उभी राहून तिने पहिल्या सिमवरून मला फोन केला.

"अरे, काड्या सगळ्या आहेत, पण ते फोर-जी लिहिलेलं येत नाही बघ शेजारी," ती म्हणाली.

"डेटाचं बटण चालू आहे ना दुसऱ्या सिमचं?"

"आहे. बंद करून परत चालू पण केलं."

इथे एक सापळा होता. बहुतेक दोन सिमच्या फोनांत एका वेळी एकाच सिमचं काम नीट होतं. दोन्ही सिमं ऐकत असतात, पण एकावर बोलणं सुरू झालं की दुसऱ्याचं काम थांबतं. मावशी पहिल्या सिमवरून माझ्याशी बोलत असताना दुसऱ्या सिमचा डेटा येणं शक्यच नव्हतं. त्या फोनवर मी काहीही करायला सांगितलं असतं, तरी ती "अजून नाही आलं" असंच म्हणाली असती. घराघरांत नेमकं असंच होतं: मुलगा पुण्याहून फोनवर सूचना देतो, आई गावी बसून त्या पाळते, आणि योग्य उपाय झाला तरी दोघांनाही तो फसल्यासारखा वाटतो.

"मावशी, आता फोन ठेव," मी म्हणालो. "मिनिटभर थांब, नेट येतंय का बघ, आणि मग मला दुसऱ्या सिमवरून फोन कर."

अनेक अँड्रॉइड फोनांत सिमच्या सेटिंगमध्ये 'डेटा ड्युरिंग कॉल्स' अशा नावाचं एक बटण असतं. ते चालू केलं, तर एका सिमवर बोलताना फोन तेवढ्यापुरता त्याच सिमचा डेटा वापरतो, अर्थात त्या सिमवर डेटा शिल्लक असला तर. आयफोनमध्ये याच कामाचं 'अलाउ मोबाईल डेटा स्विचिंग' आहे. दोन्ही सिमांवर डेटा असणाऱ्यांनी ते जरूर चालू ठेवावं. मात्र बिघाड शोधत असताना ते बंद असलेलं बरं. नाहीतर नेट कुठल्या सिमवरून येतंय याचाच घोळ होतो.

मावशीचा फोन आला. नेट नव्हतंच. म्हणजे बोलण्यामुळे डेटा अडला होता असं नाही, खरा दोष आणखी कुठेतरी होता. अक्षरं नाहीत म्हणजे विनंती नाकारली जाते आहे, म्हणून मी तिला सेटिंग्जमध्ये, मोबाईल नेटवर्कमध्ये, दुसरं सिम निवडून 'ॲक्सेस पॉइंट नेम्स' उघडायला सांगितलं. यालाच सगळे 'एपीएन' म्हणतात, आणि वर ज्याला प्रवेशद्वाराचं नाव म्हटलं ते हेच. यादीत दोन नोंदी होत्या आणि ठिपका होता दुसरीवर. हा फोन घेतला तेव्हा दुकानदाराने दुसऱ्या सिमची नोंद हाताने भरून दिली होती. ती नोंद उघडून मी मावशीला एपीएनच्या ओळीतलं अक्षरन् अक्षर वाचायला लावलं.

"ए आय आर टी ई एल जी पी आर एस, मग टिंब, मग थोडी जागा सोडून सी ओ एम."

ती जागाच नडली होती. खरं नाव `airtelgprs.com` असं सलग आहे. फोनच्या कीबोर्डला टिंब म्हणजे वाक्य संपल्याचं वाटतं, आणि तो आपण होऊन पुढे एक जागा सोडतो. भरणाऱ्याच्या ते लक्षात आलं नाही, आणि त्या सिमवर नेट कधी चालवलंच नसल्याने नंतरही कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. फोन वर्षानुवर्षे व्यवस्थित लागत होता, कारण साध्या बोलण्याला या नावाची गरज पडत नाही.

हाताने भरलेली नोंद दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्याच पानावर वरच्या तीन ठिपक्यांत 'रीसेट टू डिफॉल्ट' असतं, ते दाबावं. फोनमध्ये त्या कंपनीची मूळ नोंद आधीपासून असते, आणि हाताने केलेली भर त्यामुळे पुसली जाते. यादी रिकामीच असेल तरच हाताने भरायची वेळ येते. तेव्हा जिओसाठी `jionet`, एअरटेलसाठी `airtelgprs.com`, व्हीआयसाठी `www` आणि बीएसएनएलसाठी `bsnlnet` ही नावं पुरतात. वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, प्रॉक्सी, पोर्ट हे रकाने रिकामे ठेवायचे. 'एपीएन टाइप' या रकान्यात `default` हा शब्द हवा. तिथे फक्त `mms` असेल, तर फोन ती नोंद इंटरनेटसाठी वापरतच नाही. 'एपीएन प्रोटोकॉल'मध्ये `IPv4/IPv6` असा दोन्हींचा पर्याय निवडावा. आणि शेवटी वरच्या मेनूतून सेव्ह करून त्या नोंदीशेजारचा ठिपका भरावा. सेव्ह करूनही ठिपका जुन्याच नोंदीवर राहिला, असं फार वेळा घडतं.

मावशीने रीसेट केलं, ठिपका योग्य नोंदीवर आला, तरीही नेट नाही. ती वैतागली, आणि तिचं वैतागणं रास्त होतं. चूक तर सुधारली होती.

पण फोनला मिळालेला नकार तो काही काळ लक्षात ठेवतो. कंपनीच्या यंत्रणेने 'असं प्रवेशद्वार नाही' किंवा 'या ग्राहकाला ही सेवा नाही' अशा कारणाने विनंती परतवली, तर फोन तीच विनंती दर सेकंदाला पुन्हा करत नाही. तशी केली तर लाखो फोनांच्या निष्फळ विनंत्यांनी यंत्रणा तुंबून जाईल. म्हणून तो थांबतो. कधी काही मिनिटं, आणि नकार कायमस्वरूपाचा वाटला तर कुठला तरी बदल होईपर्यंत. मधल्या काळात तुम्ही नाव दुरुस्त करा नाहीतर नवा पॅक मारा, तो नवा प्रयत्न करेलच असं नाही. पॅक मारून तासभर झाला तरी नेट येत नाही, आणि फोन बंद करून सुरू केला की लगेच येतं, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

यावर उपाय म्हणजे एरोप्लेन मोड. तो लावला की दोन्ही सिमं टॉवरवरची आपली नोंदणी सोडतात, आणि काढला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं: नोंदणी, विनंती, पत्ता. लावून लगेच काढू नये, अर्धं मिनिट तसाच ठेवावा. मी मावशीला तसं करायला सांगितलं, आणि नेट आलं की व्हॉट्सॲपवर कळव म्हणालो. थोड्या वेळाने तिच्याकडून दारातल्या जास्वंदीचा फोटो आला.

क्रम मात्र महत्त्वाचा आहे. दोष दुरुस्त न करता नुसता एरोप्लेन मोड लावत राहिलं, तर फोन पुन्हा तीच विनंती करतो आणि पुन्हा तोच नकार घेऊन बसतो. आधी नोंद सुधारायची, मग एरोप्लेन मोड लावायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचं नेट पुन्हा गेलं. या वेळी नेट चांगलं चालू असताना, एक मालिका बघता बघता गेलं होतं, आणि पडद्यावर डेटा थांबवल्याची सूचनाही आली होती, जी तिने बाजूला सारली होती. ही सूचना कंपनीची नसून फोनची असते. अँड्रॉइडमध्ये डेटा वापराच्या पानावर प्रत्येक सिमसाठी एक 'डेटा लिमिट' ठरवता येतं, आणि तेवढा वापर झाला की फोन स्वतःच त्या सिमचा डेटा तोडतो. पूर्वी त्या सिमवर छोटा पॅक असताना तिच्या मुलाने ५०० एमबीची मर्यादा घालून ठेवली होती, जास्तीचे पैसे जाऊ नयेत म्हणून. मर्यादा काढली आणि नेट परत आलं. पहिल्या सिमवर अशी मर्यादा नव्हतीच, त्यामुळे ते बटण कुठे असतं हे घरात कुणाला आठवतही नव्हतं.

मावशीच्या फोनमध्ये नव्हती, पण इतरांकडे वारंवार सापडते अशी एक गोष्ट म्हणजे नेटवर्कचा प्रकार. 'प्रेफर्ड नेटवर्क टाइप' या नावाखाली प्रत्येक सिमला ५जी, ४जी, ३जी, २जी यांपैकी काय वापरू द्यायचं ते ठरतं. काही वर्षांपूर्वीच्या अनेक फोनांत ४जी एका वेळी एकाच सिमला मिळत असे, आणि दुसरं सिम आपोआप खाली ढकललं जाई. डेटा वळवला की ही अदलाबदल फोनने आपण होऊन करायची असते, पण कधी ती अर्धवट राहते, कधी कुणीतरी बॅटरी वाचावी म्हणून दुसरं सिम २जीवर कायमचं टाकलेलं असतं. जिओ २०१६ मध्ये सुरू झाली तीच निव्वळ ४जीवर, त्यामुळे जिओचं सिम ३जी किंवा २जीवर ठेवलं तर रेंजच येत नाही, आणि चूक तिथल्या तिथे कळते. एअरटेलने आपलं ३जी २०२० च्या सुमारास गुंडाळलं, पण २जी चालू ठेवलं. म्हणून ते सिम '३जी'वर ठेवलं की फोन गुपचूप २जीवर उतरतो, फोन लागतात, आणि नेट मात्र रांगतं. कोपऱ्यातलं `E` हे त्याचंच चिन्ह. हे सेटिंग ४जी किंवा ५जी असलेल्या सगळ्यात वरच्या पर्यायावर ठेवावं.

बीएसएनएलचं सिम फोनमध्ये बरेच दिवस असलेल्यांनी आणखी एक पाहावं. या कंपनीने आपलं स्वदेशी ४जी देशभर सुरू केल्याची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली, पण ३जीच्या काळात घेतलेलं जुनं सिम कार्ड ४जी चालवू शकत नाही. नंबर तोच ठेवून कार्ड बदलून घ्यावं लागतं. कार्ड जुनं असेल तर फोनमधली कुठलीही दुरुस्ती उपयोगाची नाही.

पॅकचं तर सगळ्यात आधी बघायला हवं, आणि तेच शेवटी बघितलं जातं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस देणारे, डेटा नसलेले पॅक उपलब्ध करून देणं बंधनकारक केलं, आणि पुढच्या महिन्यापासून ते बाजारात आले. दुसरं सिम केवळ चालू ठेवायचं असणाऱ्यांसाठी हे चांगलंच झालं. पण घरातल्या एकाने असा पॅक मारला आणि दुसऱ्याने त्या सिमवर डेटा वळवला, तर नेट येणार नाही आणि त्यात बिघाडही काही नाही. पॅक मुदतीत आहे एवढं पुरेसं नसतं. त्यात डेटा आहे का, आणि आजचा कोटा उरलाय का, हे वाय-फायवर कंपनीचं ॲप उघडून बघावं. फार पूर्वी कधी त्या नंबरवरून डेटा मुद्दाम बंद करून घेतला असेल, तर तो कंपनीच्या बाजूने बंदच राहिलेला असू शकतो. तो चालू करायला त्याच सिमवरून `START` असा एसएमएस १९२५ वर पाठवायचा.

परदेशी जाणाऱ्यांना रोमिंगचं बटण छळतं. प्रवासासाठी घेतलेलं ई-सिम बऱ्याचदा ज्या देशात आपण उतरतो तिथल्या कंपनीचं नसतं. ते तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असून तिथे पाहुणं म्हणून चालतं. त्यामुळे डेटा त्यावर वळवला तरी त्या ई-सिमचं 'डेटा रोमिंग' चालू केल्याशिवाय नेट येत नाही. पैसे वाचवायचे म्हणून सगळीकडचं रोमिंग बंद करून निघालेले लोक विमानतळावर नेमके इथे अडतात. ई-सिमचं रोमिंग चालू आणि भारतातल्या सिमचं बंद, अशी जोडी ठेवायची. ओटीपीचे एसएमएस डेटावरून येत नाहीत, त्यामुळे भारतातल्या सिमवर रोमिंगची सेवा सुरू असेल तर त्याचा डेटा बंद असूनही ते मिळतात.

इतकं सगळं करून नेट आलं नाही, तर दोष सेटिंगमध्ये आहे, कार्डात आहे, की फोनच्या खाच्यात, हे वेगळं काढावं लागतं. फोन बंद करून सिमं काढा आणि खाच्यांची अदलाबदल करा. नेट न चालणारं सिम दुसऱ्या खाच्यातही चाललं नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या फोनमध्येही नाही, तर कार्ड किंवा त्या नंबरची सेवा सदोष आहे. तेच सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये चालतं, पण तुमच्या फोनच्या कुठल्याच खाच्यात नाही, तर दोष तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये. आणि जे सिम एका खाच्यात घालाल त्याचं नेट जातं, दुसऱ्यात घातलं की येतं, तर तो खाचाच बिघडला आहे आणि तिथे फोन दुरुस्त करणाऱ्याकडे जाण्यावाचून उपाय नाही. ई-सिमची अशी अदलाबदल करता येत नाही, त्यामुळे तिथे हा मार्ग बंद असतो. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपांचं एक ध्यानात ठेवा: सिम थोडा वेळ जरी बाहेर काढलं, तरी त्यातली काही ॲपं नंबर पुन्हा पडताळून मागतात. पगाराच्या दिवशी किंवा प्रवासाला निघताना हा प्रयोग नको. डेटा नुसता एका सिमवरून दुसऱ्यावर वळवल्याने मात्र या ॲपांना फरक पडत नाही.

दोष फोनच्या सेटिंगमध्ये आहे असं निघालं, तर 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज' हा शेवटचा मोठा उपाय. त्याने फोटो, निरोप, ॲपं यांना धक्का लागत नाही, पण साठवलेले वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. नव्या काही फोनांत फक्त मोबाईल नेटवर्कचं रीसेट वेगळं दिलेलं असतं, ते मिळालं तर तेच वापरावं. ई-सिम असेल तर तिथे 'ई-सिम पुसा' अशी एक चौकट दिसू शकते. तिच्यात खूण करू नका. केली तर ते ई-सिम कंपनीकडून नव्याने घ्यावं लागतं.

दोष कार्डात किंवा सेवेत असेल, तर कंपनीच्या तक्रारीच्या १९८ या क्रमांकावर त्याच सिमवरून फोन करा. नुसतं "नेट चालत नाही" म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: फोन बंद करून सुरू करा. त्याऐवजी तुम्ही काय काय तपासलं ते सांगा. बोलणं चालतं पण काड्यांशेजारी `4G` येत नाही, एपीएन मूळ नोंदीवर आहे, पॅकमध्ये डेटा शिल्लक आहे, आणि हेच सिम दुसऱ्या फोनमध्येही नेट देत नाही, असं सांगितलं की समोरच्याला तक्रार पुढे तांत्रिक विभागाकडे पाठवावी लागते. तक्रारीचा नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा. पुढे अपील करायची वेळ आली, तर तोच लागतो.